आईची रिस्पेरिडोन: चालू ठेवावी की उतरवावी?

आईला स्मृतिभ्रंश आहे. रिस्पेरिडोन ही मनोविकारावरची गोळी सुरू झाली ती तिच्या संध्याकाळच्या गोंधळासाठी. ‘मला माझ्या घरी जायचंय’ म्हणत आई दार बडवायची, अडवलं की हात उगारायची. अर्धा मिलिग्रॅम सकाळी, अर्धा रात्री. तीन आठवड्यांत घर शांत झालं आणि पुढचे सात महिने प्रत्येक चिठ्ठीवर ‘तेच चालू’ एवढंच लिहून येत राहिलं.

चालू ठेवण्याचा मुद्दा पोकळ नाही. रिस्पेरिडोनने ज्यांना फरक पडला होता, अशांवरची एक अमेरिकी चाचणी २०१२ मध्ये आली. चार महिन्यांत गोळी काढलेल्यांपैकी ६० टक्क्यांचा त्रास उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा. ज्यांना आधी जोरदार भास व्हायचे, त्यांचा जास्त. घरात तसं माणूस असेल तर मीही घाई केली नसती.

दुसऱ्या पारड्यात मृत्यू आणि पक्षाघात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्या. साधारण दहा आठवड्यांत या वर्गातली औषधं घेणारे शंभरात साडेचार दगावले, नुसती खोटी गोळी घेणारे अडीचच्या आसपास. पक्षाघाताबद्दल ब्रिटनमध्ये त्याच्या आदल्याच वर्षी इशारा दिला गेला होता. आईला रक्तदाब जुना, त्यामुळे हे आकडे मला टोचतच होते. तरी खरं सांगायचं तर निर्णय आकड्यांनी झाला नाही.

झाला तो घासामुळे. आई वरणभाताचा घास तोंडात धरून बसायची. दहा-दहा मिनिटं, गिळ म्हटलं तरी नाही. मान खाली, ओठातून लाळ, मध्येच ठसका. आम्ही म्हणायचो, आजार वाढलाय. डॉक्टरांनी तिचं कोपर वाकवून पाहिलं. हात अडकत अडकत वाकत होता. गोळीने स्नायू आखडतात, गिळणंही मंदावतं, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, असं ते म्हणाले.

मग त्यांच्याच सांगण्यावरून आधी सकाळची गोळी काढली. दोन आठवड्यांनी रात्रीची निम्मी केली, आणखी दोन आठवड्यांनी बंद. एकदम तोडायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा दार बडवणं सुरू झालं आणि माझा हात डबीकडे गेलाच होता. पण वहीत पाहिलं तर चार दिवस पोट साफ झालेलं नव्हतं. ते झालं आणि आईही निवळली. अशा वेळी आधी पोट, लघवीचा जंतुसंसर्ग, कुठे दुखतंय का, एवढं पाहावं. त्रास परतला असं लगेच ठरवू नये.

पुढचे चार महिने दर महिन्याला दाखवलं. संध्याकाळी ती अजून चिडते. पाच वाजता दिवे लावतो, तिला शेंगा सोलायला देतो. काही दिवस तेवढ्याने भागत नाही. तुमच्याकडे कदाचित वेगळं घडेल. आईचं जेवण मात्र आता वीस मिनिटांत आटोपतं.