सायबर सुरक्षेचं सत्र: सात महिन्यांनंतर काय उरलं

मी अकाउंट्समध्ये काम करते. आमच्यासारख्या तांत्रिक माहिती नसलेल्यांसाठी ऑफिसात दोन तासांचं सत्र झालं, त्याला आता सात महिने झाले. पासवर्डचा भाग तेव्हाही कंटाळवाणा होता आणि आता आठवतही नाही. पुरवठादाराच्या मेलचा प्रसंग मात्र डोक्यात पक्का बसला आहे.

प्रशिक्षकांनी एका जुन्या व्यवहारातल्या चार मेल छापून हातात दिल्या. चौथ्या मेलमध्ये लिहिलं होतं, "आमचं बँक खातं बदललं आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यात भरा." खोटं ओळखा म्हटल्यावर आम्ही सगळ्या पत्त्यातल्या चुका शोधायला लागलो. m च्या जागी rn तर नाही ना, हेही पाहिलं. चूक कुठेच नव्हती. पुरवठादाराचा मेलबॉक्सच चोराच्या हातात गेलेला, त्यामुळे पत्ता खरा आणि आधीचा पत्रव्यवहारही खरा. "खरंच बदललं का?" असं उलट मेलवर विचारलं असतं तर "हो" असं उत्तरही चोरानेच दिलं असतं. मेलखालचा फोन नंबरसुद्धा त्यानेच बदलला होता. म्हणून फोन करायचा तो आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर. इतकी साधी गोष्ट, पण तोवर आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती.

तिसऱ्या महिन्यात अगदी तशीच मेल आली. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंनी दोन वर्षांपूर्वीच्या खरेदी ऑर्डरवरचा नंबर शोधून फोन लावला. समोरचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही खातं बदललेलंच नाही!" त्यांनी मेलबॉक्स तपासला तेव्हा त्यात कुणीतरी एक नियम लावून ठेवलेला सापडला: आमच्याकडून येणारी प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये न दिसता परस्पर दुसऱ्या फोल्डरमध्ये जात होती. त्या दिवशी फोन झाला नसता तर बिल भरून आम्ही मोकळ्या झालो असतो.

सत्रात दोन गोष्टी राहून गेल्या. पैसे गेलेच तर पुढे काय करायचं, यावर एक शब्द नव्हता. लगेच बँकेला कळवून व्यवहार थांबवता येतो का पाहायचं आणि ती मेल पुसायची नाही, हे आम्ही नंतर आयटीवाल्यांना विचारून घेतलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पेमेंट थांबवायचा अधिकार आमच्याकडे नव्हता. फोन लागेपर्यंत "आजच्या आज भरा" असा वरून तगादा असायचा. मग आम्ही साहेबांकडून लेखी नियम करून घेतला: खातं बदलल्याची मेल आली तर जुन्या नंबरवर बोलणं होईपर्यंत पेमेंट नाही, आणि कुणाशी, कधी बोललो ते बिलावर लिहायचं.

नंतर रुजू झालेल्या दोघांना हे सत्र मिळालेलं नाही. त्या चार मेलच्या छापील प्रती मी जपून ठेवल्या होत्या. गेल्या आठवड्यात त्यांच्यापुढे ठेवल्या, तर दोघांनीही आधी पत्त्यातली चूकच शोधायला घेतली.