पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवायचं, तर थेट केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या पाइपात, सोडायचं की बोअरभोवतीच्या खड्ड्यात?

गच्चीचं पाणी फिल्टरमधून थेट केसिंगमध्ये सोडणं स्वस्त आणि झटपट. पण 100 चौरस मीटर गच्चीवर 20 मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास 2000 लिटर पाणी. तेवढं एका सरीत आलं की छोटा फिल्टर दमतो, गाळाची टाकी वरून वाहू लागते. फिल्टरची जाळी फाटली तर गाळ सरळ बोअरमध्ये, आणि तो काढणं महाकठीण.

खड्ड्यात केसिंगला भोकं पाडून जाळी गुंडाळतात. खाली दगड, मग खडी, वर वाळू. मी हाच निवडेन. पाणी दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं, तर आधी वरची वाळू खरवडून बदला. केसिंगची जाळी बुजली असेल तर मात्र अख्खा खड्डा उपसा! पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह दोन्हीकडे हवाच.