धर्मपरिचयाचे निबंध तपासताना: एकूण शेरा, गुणतक्ता की एकस्तंभी रुब्रिक?

पदवीच्या पहिल्या वर्षाला धर्माच्या अभ्यासाची तोंडओळख शिकवायची आणि वीस गुणांचा निबंध घ्यायचा, म्हणजे तपासणी कशी करायची हे आधीच ठरवावे लागते. मी तिन्ही पद्धती वापरल्या आहेत. त्यांची तुलना एकाच प्रश्नावर करतो: ‘पंढरीच्या वारीला व्हॅन गेनेपच्या अर्थाने संक्रमणविधी म्हणता येईल का?’ मुलांनी तीन गोष्टी वाचलेल्या असतात. एक, व्हॅन गेनेपने १९०९ साली मांडलेले तीन टप्पे: नेहमीच्या जगण्यातून वेगळे होणे, उंबरठ्यावरची अवस्था आणि परत सामील होणे. दोन, टर्नरची कम्युनिटास ही कल्पना, म्हणजे त्या उंबरठ्यावर दर्जा आणि पद गळून पडून माणसामाणसांत निर्माण होणारी जवळीक. तीन, इरावती कर्व्यांनी स्वतः दिंडीबरोबर चालून लिहिलेला अनुभव.

एका निबंधातला हा परिच्छेद बघा, असे दर वर्षी पाच-सहा तरी येतात: ‘विठ्ठलाच्या दारी जातपात उरत नाही. तुकोबा म्हणतात, भेदाभेद भ्रम अमंगळ. म्हणजे वारीत सर्व समान होतात आणि यालाच टर्नर कम्युनिटास म्हणतो.’ त्याच गठ्ठ्यात दुसरा निबंध होता: ‘वारी म्हणजे दुःख विसरण्यासाठी जपलेली अंधश्रद्धा. त्यामुळे तिथली समानता खोटी आहे.’

पहिली पद्धत एकूण शेऱ्याची. निबंध सलग वाचायचा, ‘उत्तम’, ‘बरा’, ‘कच्चा’ अशा वर्णनांपैकी एकात बसवायचा आणि गुण द्यायचे. एका निबंधाला सात मिनिटे पुरतात, म्हणजे ५८ निबंध सात तासांच्या आत संपतात. मी पहिल्या निबंधाला १५ दिले आणि दुसऱ्याला ९. भाषा ओघवती होती, अभंग नेमका आठवला होता, शिवाय वारीच्या वाटेवरच्या घरात वाढल्यामुळे मला ते पटतही होते. नंतर दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आले की चूक एकच आहे. एकाने संप्रदायाचा आदर्श वस्तुस्थिती म्हणून मांडला, दुसऱ्याने स्वतःचे मत वस्तुस्थिती म्हणून मांडले, आणि वाटेवर प्रत्यक्षात काय घडते याचा पुरावा दोघांनीही दिला नाही. माझ्या जागी दुसऱ्या विचारांचा शिक्षक असता तर गुण कदाचित उलटे पडले असते. इतर विषयांत ही पद्धत चालूनही जाईल, पण धर्माच्या वर्गात तपासणाऱ्याची श्रद्धा किंवा अश्रद्धा गुणांत शिरते आणि ती शिरल्याचे त्याला कळत नाही. म्हणून मी ती सोडली.

दुसरी पद्धत चार ओळींच्या गुणतक्त्याची. प्रश्नाला उत्तर, संकल्पनेचा वापर, पुरावा, आणि विधान कोणाचे आहे याचे भान, प्रत्येकी पाच गुण. वेळ साधारण १२ मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांहून थोडा जास्त. पहिला निबंध आता ४, ३, २, २ असा ११ वर आला आणि दुसरा ३, २, २, २ असा ९ वर. आधीचे सहा गुणांचे अंतर दोनवर आले आणि त्या दोन गुणांचे कारण दाखवता येत होते. पहिल्याने तीन टप्पे निदान ओळखले होते.

चौथ्या ओळीचे शब्द मात्र फार जपून निवडावे लागतात. मी आधी तिथे ‘वस्तुनिष्ठता’ लिहिले होते. मुलांनी त्याचा अर्थ ‘देव मानू नका’ असा घेतला. एक मुलगी निबंध परत घेताना म्हणाली, ‘सर, आमच्या घरी माळ आहे. मग मी खोटं लिहायचं का?’ तिचे बरोबर होते. आता ती ओळ अशी आहे: ‘वारकरी काय मानतात, अभ्यासक काय म्हणतात आणि माझा निष्कर्ष काय, हे वाक्यावाक्यातून वेगळे ओळखता येते.’ यात कोणी काय मानावे याला हात लागत नाही. ‘समाधानकारक’, ‘काही प्रमाणात’ असल्या शब्दांनी चौकटी भरल्या तर गुणतक्ता असून नसल्यासारखा, कारण तीन गुण आणि चार गुण यांत फरक कशाचा हे मुलालाही कळत नाही आणि आठवड्याने आपल्यालाही सांगता येत नाही.

या तक्त्यात एक दोष राहतो. तुकोबांच्या ओळीवरून काढलेला तो एक निष्कर्ष ‘पुरावा’ या ओळीतही मार खातो आणि ‘विधान कोणाचे’ या ओळीतही. एकाच चुकीची शिक्षा दोनदा होते. हे ओळखायचे तर दहा-बारा निबंधांचे ओळवार गुण कागदावर उतरवून बघा. दोन ओळी कायम बरोबरीने वर-खाली होत असतील तर त्या एकत्र करा.

तिसरी पद्धत एकस्तंभी रुब्रिकची. मधल्या स्तंभात फक्त अपेक्षा छापायची, डावीकडे ‘इथे कमी पडले’ आणि उजवीकडे ‘इथे पुढे गेले’ यासाठी कोरी जागा ठेवायची. चौकटीवर खूण करून सुटता येत नाही, लिहावेच लागते. निबंधाला १५ मिनिटे, म्हणजे ५८ निबंधांना साडेचौदा तास. पण मुलगा निबंध पुन्हा लिहिणार असेल तर यासारखी पद्धत नाही. पहिल्या निबंधाच्या डाव्या रकान्यात मी लिहिले: ‘भेदाभेद भ्रम अमंगळ हा अभंग वारी कशी असावी हे सांगतो. ती कशी असते हे कशावरून? कर्वे ज्या दिंडीत चालल्या तिथले ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र चालत-गात, पण जेवायला वेगळे बसत. मग कम्युनिटास कुठपर्यंत आहे आणि कुठे थांबते?’

दुसऱ्या निबंधालाही कर्व्यांचीच पंगत दाखवली, प्रश्न मात्र वेगळा: ‘पंगती वेगळ्या होत्या हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे, तो वापरलात का? आणि दिवसभर एकत्र गाणे खोटे कशावरून?’ ‘भावनिक झालात’, ‘पूर्वग्रह दिसतो’ असे शेरे दोघांनाही लिहिता आले असते, पण त्यांतून दुरुस्त काय करायचे ते कळत नाही. समासात असे दोन, फार तर तीन शेरे पुरेत. मी पूर्वी पंधरा-पंधरा लिहीत असे आणि मुले त्यांतली शुद्धलेखनाची तेवढी सुधारून आणत.

निवड करताना एवढेच पाहा. निबंध पुन्हा लिहून घेणार असाल तर पहिल्या खर्ड्याला एकस्तंभी रुब्रिक वापरा आणि त्यावर आकडा घालू नका. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसते शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांची तशी सुधारली नाही. ती शाळकरी मुले होती, तरी माझ्या वर्गातही आकडा दिसला की वाचन तिथेच संपते. गुण एकदाच द्यायचे असतील किंवा गठ्ठा दोघांनी मिळून तपासायचा असेल, तर गुणतक्ता घ्या, पण शेवटच्या दोन ओळी एकत्र करून. एकस्तंभी कागदावरून दोन परीक्षकांचे गुण जुळवणे कठीण जाते आणि गुणांबद्दल तक्रार आली तर दाखवायला आकड्यामागचे वर्णन नसते. वर्ग शंभराच्या पुढे असेल तरीही गुणतक्ताच, आणि प्रत्येकाला समासात निदान एक प्रश्न.

पहिल्या निबंधाचा दुसरा खर्डा आला तेव्हा ते वाक्य असे झाले होते: ‘वारकरी संप्रदाय भेद अमंगळ मानतो, कर्व्यांच्या दिंडीत हा आदर्श चालताना आणि गाताना दिसतो, पंगतीत दिसत नाही.’ गुणतक्त्यावर त्याला १६ मिळाले.