शंभर सीसी की साडेतीनशे: वर्षाला खिशातून किती जातात?

गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. स्प्लेंडर प्लस आणि क्लासिक 350 यांचा वर्षाचा हिशेब शेजारी शेजारी मांडला, की दोघींमधल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग पेट्रोलपंपावर जातच नाही, असं दिसतं.

हिशेबासाठी एक माणूस धरू. पुण्याच्या उपनगरात राहणारा, रोज जाऊन-येऊन 40 किलोमीटर, वर्षाला 250 दिवस कामावर. म्हणजे 10,000 किलोमीटर. पेट्रोल 105 रुपये लिटर. गाडी नवी घेतो आणि पाच वर्षांनी विकतो. पेट्रोल आणि थर्ड पार्टी विमा सोडला तर पुढचे आकडे ढोबळ अंदाज आहेत. तुमच्या गावच्या दराने थोडे हलतील, पण दोन रकान्यांतलं प्रमाण फारसं हलणार नाही.

| वर्षाचा खर्च (रुपये) | स्प्लेंडर प्लस | क्लासिक 350 |
|---|---|---|
| पेट्रोल | 17,500 | 31,800 |
| सर्व्हिसिंग, चेन, ब्रेक | 3,300 | 7,500 |
| टायर | 1,100 | 2,700 |
| विमा | 2,000 | 4,300 |
| किमतीतली घट | 9,000 | 18,000 |
| एकूण | 32,900 | 64,300 |

पेट्रोलसाठी स्प्लेंडरला लिटरमागे 60 आणि क्लासिकला 33 किलोमीटर धरलेत. शोरूममध्ये सांगतात त्यापेक्षा हे कमी आहेत, कारण सिग्नल, खड्डे आणि मागे बसणारा माणूस कंपनीच्या चाचणीत नसतो. आपला आकडा काढायचा तर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ओडोमीटर लिहून ठेवा, टाकी बरीच रिकामी झाली की त्याच पंपावर तशीच पुन्हा भरा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा बसलेले लिटर. मीटरवर दिसणाऱ्या ॲव्हरेजपेक्षा यावर जास्त विश्वास ठेवावा. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा बरंच स्वस्त आहे, त्यामुळे तिथे ही ओळ दोन्ही रकान्यांत खाली येईल.

सर्व्हिसिंगमध्ये मोठ्या गाडीला ऑइल जास्त लागतं, ते महागही असतं आणि मजुरीचा दरही वरचा. पण फरक नीट दिसतो तो चेनमध्ये. स्प्लेंडरची चेन पूर्ण बंद कव्हरात असते. पावसाळ्यात मागच्या चाकाने उडवलेला चिखल तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि चेन-स्प्रॉकेटचा सेट हजार-बाराशेत येतो. क्लासिकची चेन बरीचशी उघडी. पावसाळ्यात दर 500 किलोमीटरला ती पुसून ल्यूब मारलं नाही, तर तीन-चार हजारांचा सेट लवकर बदलावा लागतो. शिवाय स्प्लेंडर कुठल्याही तालुक्याच्या गावात खोलता येते, पार्ट त्याच दुपारी मिळतो. हे कोष्टकात मांडता येत नाही, पण रोजंदारीवर जाणाऱ्याला गाडी एक दिवस बंद राहणं परवडत नाही.

टायरच्या बाबतीत किंमत आणि आयुष्य दोन्ही मोठ्या गाडीच्या विरुद्ध जातात. क्लासिकचं वजन 195 किलो, मागचा टायर 120/80-18. तो मी चार हजारांचा आणि बावीस हजार किलोमीटर चालणारा धरला आहे. स्प्लेंडरचा मागचा टायर दोन हजारांचा आणि तीस हजार चालणारा. क्लासिक घेताना तारांची चाकं की अलॉय, हे नीट ठरवा. तारांच्या चाकात ट्यूब असते. पंक्चर झालं की मागचं चाक उतरवावंच लागतं, आणि एवढ्या जड गाडीचं चाक काढायला रस्त्याकडेचा पंक्चरवाला तोंड वाकडं करतो. अलॉयला ट्यूबलेस टायर, पाच मिनिटांत पट्टी ठोकून मोकळे.

विम्यात सीसीचे टप्पे आहेत, आणि ते माहीत असले तर फायदा होतो. जून 2022 पासूनच्या दरांनुसार 75 ते 150 सीसीला थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता 714 रुपये, 150 ते 350 ला 1,366 आणि त्यावर 2,804, शिवाय कर. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांची एकदम घ्यावी लागते: पहिल्या टप्प्यात 3,851, दुसऱ्यात 7,365. म्हणून 149 सीसीची एफझी खालच्या टप्प्यात बसते आणि 162.7 सीसीची युनिकॉर्न वरच्या. रस्त्यावर दोघींत फार अंतर नाही, पण या एका ओळीत युनिकॉर्नवाला जवळजवळ दुप्पट भरतो. (अर्थात विकताना युनिकॉर्न ते भरून काढते, तिला जुन्या बाजारात चांगली मागणी असते.) 349 सीसीची क्लासिकही मधल्या टप्प्यातच राहते.

आता शेवटची ओळ, जी कोणीच वहीत लिहीत नाही. स्प्लेंडर रस्त्यावर 95 हजारांना पडली आणि पाच वर्षांनी 50 हजारांना गेली, तर वर्षाला 9 हजार गेले. क्लासिक 2 लाख 20 हजारांना घेऊन 1 लाख 30 हजारांना विकली, तर 18 हजार. गंमत अशी, की टक्केवारीत क्लासिकने किंमत जास्त राखली. पण टक्केवारीने पोट भरत नाही, रुपये दुप्पट गेले. आरटीओच्या कराचे पैसे परत येत नाहीत, म्हणून घट एक्स-शोरूम नव्हे तर ऑन-रोड किमतीवरून मोजावी, फक्त विमा वगळून, कारण त्याची ओळ वर वेगळी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्याआधी घेतलेली गाडी विकताना गिऱ्हाईक तुमचं जुनं बिल बघत नाही, नवीन गाडीचा आजचा भाव बघतो.

आता तोच माणूस घरून काम करू लागला आणि वर्षाला 4,000 किलोमीटरच फिरला असं धरा. पेट्रोलमधला फरक चौदा हजारांवरून पावणेसहा हजारांवर येतो, पण किमतीतल्या घटीचा नऊ हजारांचा फरक जवळजवळ तसाच राहतो. कमी फिरणाऱ्याने म्हणूनच ॲव्हरेजवरून गाडी नाकारू नये, ऑन-रोड किमतीकडे बघून विचार करावा. साडेतीनशेच हवी असेल तर त्याने तीन-चार वर्षं जुनी शोधावी, पहिली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते. रोज 40 किलोमीटर कामासाठी पळणाऱ्याला मात्र मी बेलाशक शंभर सीसी घ्यायला सांगेन.

जुनी घेताना दोन गोष्टी बघा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे ओन डॅमेजचा हप्ता त्याने सांगितल्यापेक्षा जास्त येईल. दुसरं, टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2221 म्हणजे 2021 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसत असली तरी रबर कडक होऊन बारीक चिरा पडल्या असतील, तर दोन्ही टायरचे सात हजार सौद्यातून वजा करून मागा.