दशांशांची तुलना शिकवताना आधी पैसे की आधी टेप?

पाचवीत दशांश अपूर्णांक आले की आपल्यापैकी बहुतेकांचा हात आधी रुपया-पैशाकडे जातो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मीही बरीच वर्षं तिथूनच सुरुवात केली. आता मी आधी टेप घेतो आणि पैसे नंतर. यंदा पाचवीचा वर्ग हाती आला असेल आणि कुठून सुरुवात करावी हे ठरत नसेल, तर दोन्हींत मला दिसलेला फरक सांगतो.

पैशांचे चार तास झाल्यावर एकदा मी फळ्यावर ३.५ आणि ३.२५ लिहिलं आणि मोठी संख्या कोणती ते विचारलं. बरेच हात ३.२५ साठी वर झाले. कारण विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "सर, ते तीन रुपये पाच पैसे आणि हे तीन रुपये पंचवीस पैसे." मग मी ३.०५ लिहिलं. तेही तिने "तीन रुपये पाच पैसे" असंच वाचलं. ३.५ आणि ३.०५ तिच्या लेखी एकच झाले होते. तिने अंदाज मारला नव्हता. मी जे शिकवलं तेच तिने नेमकेपणाने वापरलं होतं: टिंबाच्या डावीकडे रुपये, उजवीकडे पैसे.

पैशांची अडचण इथेच आहे. टिंबामुळे एका संख्येच्या दोन वेगळ्या पूर्ण संख्या होतात. व्यवहारात रक्कम कायम दोन दशांश स्थळांपर्यंत लिहितात, त्यामुळे ही चूक झाकलेली राहते. निपाणीकडची मुलं घरी ऐकतात की कागलला पेट्रोलचा दर वेगळा आहे. दोन पंपांचे दर वर्गात लिहून दिले तर ती बरोबर तुलना करतात, कारण दोन्हीकडे टिंबानंतर दोनच अंक असतात. टिंब पुसून साध्या संख्या म्हणून पाहिल्या तरी उत्तर तेच येतं. म्हणजे उत्तर बरोबर येतं, पण त्यातून दशांश कळला की नाही हे समजत नाही. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचंही तसंच, तिथे कायम तीन अंक.

दुसरी गोष्ट, पैसे मुलांच्या हातात आता राहिलेलेच नाहीत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली. ५० पैशाचं नाणं कायद्याने चालतं, पण आज पाचवीत बसलेल्या मुलाला ते दाखवावं लागतं. ज्याला आपण ओळखीचं उदाहरण समजतो ते त्यांच्यासाठी ऐकीव आहे.

टेपवर काय होतं ते आता सविस्तर सांगतो. शिंप्याचा दीड मीटरचा टेप घ्यायचा. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या चिकटवून बरोबर १ मीटर लांबीची एक पट्टी करायची. तिच्यावर दर १० सेंटीमीटरला मोठी खूण आणि दर सेंटीमीटरला बारीक खूण करायची. वर्गाच्या उंबऱ्यापासून भिंतीलगत तीन मीटर मोजून खडूने रेघ मारायची आणि तिच्यापुढे ही पट्टी जमिनीवर अंथरायची. पट्टीच्या डाव्या टोकाला ३ लिहायचे, उजव्या टोकाला ४. मुलांसमोर आता चौथा मीटर आहे. एक मोठी खूण म्हणजे एक दशांश मीटर, एक बारीक खूण म्हणजे एक शतांश मीटर.

त्याच मुलीला मी ३.२५ वर उभं केलं. दोन मोठ्या खुणा, मग पाच बारीक. तिच्या मैत्रिणीला ३.५ वर जायला सांगितलं. ती पाच मोठ्या खुणा मोजून पुढे जाऊन उभी राहिली. मग ३.०५: तिसऱ्या मुलाने पाच बारीक खुणा मोजल्या आणि तो पहिल्या मोठ्या खुणेच्याही अलीकडे राहिला. मुलगी थोडा वेळ पायाखाली बघत राहिली, मग म्हणाली, "पाचचा पाचच आहे, पण खूण वेगळी आहे." स्थानिक किंमत याहून चांगली मला सांगता आली नसती.

टेपवर चुका होत नाहीत असं नाही. १ मीटर ५ सेंटीमीटर ही लांबी मुलं १.५ मीटर अशी लिहितातच. चूक पैशांतलीच आहे, पण इथे ती डोळ्यांनी पकडता येते. १.५ मीटर म्हणजे टेपवर १५० आणि आपण मोजलंय १०५. अंतर समोर पडलेलं असतं, वाद घालावा लागत नाही. शिवाय पट्टी हीच संख्यारेषा असते. पैशांवरून संख्यारेषेवर जाताना मुलांना एक उडी मारावी लागते, कारण नाणी सुटी असतात, एका ओळीत पसरलेली नसतात.

"३.२ आणि ३.३ च्या मध्ये काय आहे?" या प्रश्नावर हा फरक सर्वात जास्त जाणवतो. दुसरी एक मीटरची पट्टी घ्यायची आणि तिच्या टोकांना ३.२ आणि ३.३ लिहायचे. तेवढाच तुकडा आपण मोठा करून पाहतोय असं सांगायचं. आता प्रत्येक मोठी खूण एक शतांश झाली: ३.२१, ३.२२ आणि पुढे. हुशार पोरं स्वतःहूनच विचारतात की ३.२१ आणि ३.२२ च्या मध्ये काय. पैशांत हा प्रश्न सुचतच नाही, कारण एक पैशाखाली काही नाही.

टेपच्या बाबतीत दोन सावधगिऱ्या. इंचाची बाजू उलटी ठेवा, नाहीतर ५ फूट ६ इंच हे ५.६ फूट होऊन बसतं, जे खरं तर ५.५ आहे. आणि आपल्या भागात घरोघरी असलेल्या उताऱ्यात २ एकर २० गुंठे लिहिताना मध्ये टिंब येतं. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणून ती जमीन अडीच एकर. तिथलं टिंब दशांश चिन्ह नव्हे, हे मुलांना उतारा दाखवूनच सांगावं. सरहद्दीपलीकडच्या नातेवाइकांच्या सातबाऱ्यात मात्र हेक्टर-आर असतात आणि शंभर आरांचा हेक्टर होतो, तिथे टिंब दशांशासारखं वाचलं तरी चालतं.

मग पैसे सोडूनच द्यायचे का? नाही. ०.५ आणि ०.५० एकच, हे पटवायला कागदी नाणी उत्तम: दहा पैशांची पाच आणि एक पैशाची पन्नास, दोन्ही ढीग अर्ध्या रुपयाचे. बेरीज-वजाबाकीलाही पैसेच सोयीचे. फक्त "तीन पॉइंट पंचवीस" असं वाचू देऊ नका. "तीन पॉइंट दोन पाच" किंवा "तीन पूर्णांक पंचवीस शतांश" म्हणायला लावा.

वर्ग कुठे आहे हे बघायला मी दोन जोड्या एकत्र देतो: ४.८ व ४.६३, आणि ४.४५ व ४.३. लांब दिसणारी संख्या मोठी मानणारं मूल पहिली जोडी चुकतं, दुसरी बरोबर देतं. शतांश दशांशापेक्षा लहान म्हणून ज्यात शतांश आहेत ती संख्या लहान, असं मानणारं मूल नेमकं उलटं करतं. एकच जोडी दिली तर यातला एक गट बरोबर उत्तर देऊन निसटतो. पहिल्या गटाला जमिनीवरच्या पट्टीवर पुन्हा उभं करतो, दुसऱ्याला आधी ४.४ शोधायला लावतो आणि तिथून पाच बारीक खुणा पुढे जायला सांगतो.