जर्मनीच्या मुलाखतीचे बोलावणे मराठीत पाठवताना: तीन पद्धतींची तुलना

उमेदवार सोलापूरची परिचारिका, भरती करणारी संस्था पुण्याची आणि नोकरी जर्मनीतल्या रुग्णालयात. उमेदवाराने पुण्याच्या कार्यालयात येऊन बसायचे, कागदपत्रे तिथेच तपासली जाणार आणि पॅनेल पडद्यावर जर्मनीहून बोलणार. बोलावण्याचे पत्र इंग्रजीत आहे. ते मराठीत पाठवायचे तर तीन रस्ते आहेत: पूर्ण मराठी पत्र, मराठीत थोडक्यात सांगून खाली मूळ पत्र जोडणे, किंवा एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी असा दोन स्तंभांचा कागद. कोणता निवडावा हे भाषेच्या सौंदर्यावर ठरत नाही. वेळ, पॅनेल आणि कागदपत्रे या तीन ठिकाणी चूक कुठे शिरते, त्यावर ठरते.

आधी वेळ, कारण तिथे अनुवाद बिनचूक असूनही माणूस चुकीच्या वेळी पोहोचू शकतो. समजा, पत्रात मंगळवार, ३१ मार्च २०२६, `10:00 a.m. CET` असे आहे. CET म्हणजे मध्य युरोपची हिवाळ्यातली वेळ. ती आणि भारतीय वेळ यांत साडेचार तासांचा फरक, म्हणजे दुपारी अडीच. पण युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात. २०२६ मध्ये तो रविवार २९ तारखेला येतो. ३१ मार्चला जर्मनीत CEST, म्हणजे उन्हाळ्यातली वेळ, चालू असेल, फरक साडेतीन तासांचा असेल आणि तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे दीड. पत्र लिहिणाऱ्याने सवयीने CET लिहिले असण्याची शक्यता बरीच आहे, पण अनुवादकाने ते मनाने दुरुस्त करू नये. सोबत कॅलेंडरची फाइल आली असेल तर ती साध्या मजकुरासारखी उघडून पाहावी:

```
DTSTART;TZID=Europe/Berlin:20260331T100000
```

अशी ओळ असेल तर बर्लिनच्या घड्याळातले दहा अभिप्रेत आहेत, म्हणजे आपल्याकडे दीड. तरीही ‘भारतीय वेळ दुपारी दीड, बरोबर ना?’ असा एका ओळीचा मेल करून लेखी होकार घ्यावा. फाइल नसेल तर त्या मेलशिवाय अनुवाद पाठवूच नये. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तिकडून येणारी मुलगी गाडी कुठली पकडायची हे या एका तासावर ठरवते.

आता तिन्ही पद्धती ही वेळ कशी दाखवतात? पूर्ण मराठी पत्रात ‘दुपारी दीड वाजता’ असे सुटसुटीत बसते, आणि घरचे सगळे ते वाचू शकतात. मात्र अनेक जण अचूकतेच्या नावाखाली जर्मन वेळही त्याच वाक्यात कोंबतात आणि वाचणारी घाईत पहिला आकडा उचलते. थोडक्यात सांगण्याच्या पद्धतीत हा धोका दुप्पट होतो: वर मराठीत दीड, खाली जोडलेल्या मूळ पत्रात दहा. वडील एक वाचतात, मुलगी दुसरे. दोन स्तंभांत दोन्ही वेळा समोरासमोर असतात म्हणून गोंधळ कमी, पण तो कागदावर. मोबाइलवर पीडीएफ उघडली की अक्षरे मुंगीएवढी होतात आणि उजवा स्तंभ पडद्याबाहेर जातो. लहान अक्षरांत देवनागरी १ आणि ९ सहज एकमेकांसारखे दिसतात, म्हणून वेळ आकड्याबरोबर शब्दातही हवी. मी वेळेचा भाग असा लिहीन:

> मंगळवार, ३१ मार्च २०२६
> पुणे कार्यालयात पोहोचायची वेळ: दुपारी एक (१:००)
> मुलाखत सुरू: दुपारी दीड (१:३०). दोन्ही वेळा भारतीय.
> मूळ पत्रात लिहिलेली सकाळी दहाची वेळ जर्मनीतली आहे.

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. मूळ पत्र हातात असलेल्या माणसाला दहा कुठून आले ते तिथेच कळते.

पॅनेलच्या बाबतीत पूर्ण मराठी पत्र थोडे मागे पडते. आडनावात ä किंवा ö असेल, तर देवनागरीत लिहिलेले नाव आणि झूमच्या चौकटीखाली दिसणारे नाव यांचा मेळ उमेदवाराला लागत नाही. नाव मूळ अक्षरांतच ठेवावे, शेजारी उच्चार द्यावा आणि हुद्दा मराठीत सांगावा: ‘नर्सिंग विभागाच्या प्रमुख’. दोन स्तंभांत हे आपोआप होते. याहून नाजूक गोष्ट म्हणजे कोण काय करणार. पत्रात चार नावे असतात, त्यांतले एक दुभाष्याचे. नुसते ‘चार जणांचे पॅनेल’ म्हटले तर उमेदवार दुभाष्यालाही परीक्षक समजते. किंवा, त्याहून वाईट, मराठीत उत्तरे दिली तरी चालतील असे धरून येते. मूळ पत्रात मुलाखत जर्मनमध्ये आणि दुभाषी फक्त कराराच्या माहितीसाठी असे असेल, तर ‘तिघे प्रश्न विचारतील, दुभाषी प्रश्न विचारणार नाहीत, कराराची माहिती समजावतील’ असे वेगळे वाक्य हवे. थोडक्यात सांगताना नेमके हेच गळते.

कागदपत्रांच्या यादीत मात्र पूर्ण मराठी पत्राला तोड नाही, पण कार्यालयीन मराठी टाळली तरच. ‘मूळ प्रमाणपत्रे व साक्षांकित प्रती सादर कराव्यात’ हे वाक्य शासकीय कानाला छान वाटते आणि दोन प्रश्न तसेच सोडते. मूळ कागद जमा करायचे की दाखवून परत घ्यायचे? प्रतींवर सही कोणाची? स्वतःची सही करून दिलेली झेरॉक्स आणि नोटरीच्या शिक्क्याची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी आदल्या दिवशी धावपळ करावी लागते. म्हणून यादी कागदाच्या नावांनुसार नको, कागदाचे काय होणार त्यानुसार करावी:

> दाखवून परत घ्यायचे: पासपोर्ट, नर्सिंगची पदवी किंवा डिप्लोमा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र, जर्मन भाषेचे प्रमाणपत्र
> देऊन यायचे: वरील प्रत्येकाची एक झेरॉक्स, स्वतःची सही केलेली

मूळ पत्रात परत देण्याबद्दल काहीच नसेल, तर तेही विचारूनच लिहावे. पासपोर्ट कोणाच्या ताब्यात राहणार हे अनुवादकाने अंदाजाने ठरवू नये. पासपोर्ट क्रमांक, मीटिंग आयडी, पासवर्ड हे टाइप करायचे असतात. ते इंग्रजी आकड्यांतच राहू द्यावेत.

तेव्हा माझी निवड: मुख्य पत्र पूर्ण मराठीत, एका स्तंभात, आणि पडद्यावर वाचायची किंवा टाइप करायची नावे व आकडे मूळ रूपात. दोन स्तंभांचा कागद संस्थेच्या फाइलसाठी ठेवावा. मेळ तपासायला त्यासारखे काही नाही, आणि उमेदवाराने छापील मागितला तर तोच द्यावा. थोडक्यातला मजकूर फक्त आदल्या दिवशीच्या व्हॉट्सअॅप आठवणीपुरता, तोही मूळ पत्र पुन्हा न जोडता. ‘तफावत आढळल्यास इंग्रजी पत्र ग्राह्य’ ही ओळ बऱ्याच संस्था शेवटी टाकतात. ज्या उमेदवाराला इंग्रजी वाचता येते तिच्यासाठी ती ठीक आहे. जिला येत नाही म्हणून आपण अनुवाद करतोय, तिच्या ती काय कामाची?

पाठवण्याआधी मराठी पत्र मूळ न पाहिलेल्या सहकाऱ्याला मोबाइलवर वाचायला द्यावे आणि विचारावे: किती वाजता दारात असशील, पडद्यावर प्रश्न कोण विचारेल, परत निघताना पिशवीत कोणते कागद असतील? उत्तर देताना तो पत्र पुन्हा वर सरकवू लागला, तर ती ओळ बदलायची.