पोटमाळ्यावरचं ऑफिस: अकरा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

भोसरीतल्या आमच्या गाळ्यात खाली मशीन शॉप आहे. जागा पुरेना म्हणून मागच्या वर्षी वर लोखंडी पोटमाळा घातला आणि डिझाईन व अकाउंट्सची टेबलं तिकडे हलवली. माळा 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद. रुंदीच्या दिशेने दर 2 मीटरवर आयएसएमबी 200 चे, म्हणजे 200 मिमी उंचीचे आय आकाराचे बीम, त्यांच्यावर चौकोनी पाइपांची जाळी, वर 18 मिमी सिमेंट बोर्ड आणि व्हिनाइल. बीमचं मागचं टोक भिंतीलगतच्या खांबांवर आहे. पुढे 4-4 मीटरवर खांब आहेत आणि त्यांना जोडणारा आडवा बीमही 200 चाच. म्हणजे पुढच्या दर दोन खांबांमध्ये मधला एक बीम खांबावर न टेकता आडव्या बीमच्या मध्यावर टेकतो. ही गोष्ट पुढे लागेल.

मजबुतीबद्दल तक्रार नाही. ऑफिससाठी चौरस मीटरला 250 किलो धरून बीम घेतले होते. तेवढ्या वजनाने बीम साधारण 19 मिमी वाकतो, आणि लांबी भागिले 300 हा नियम 20 मिमी सोडतो. हिशोब बसला, फॅब्रिकेटरने माळा उभा केला, आम्ही वर गेलो.

पहिल्याच आठवड्यात अकाउंट्सच्या ताईंनी टेबल हलवायला सांगितलं. त्या अगदी मध्यावर बसायच्या. कुणी मागून चालत गेलं की मॉनिटर थरथरायचा, आणि दुपारपर्यंत त्यांचं डोकं जड व्हायचं. "बोटीत बसल्यासारखं वाटतं हो सर," त्या म्हणाल्या. मला आधी पटलं नाही, कारण मी स्वतः मध्यावर उभा राहून पाय आपटला तेव्हा फारसं काही जाणवलं नव्हतं. पण त्यांच्या खुर्चीत बसलो आणि चहावाला मुलगा भराभर चालत गेला, तेव्हा कळलं. एका आपटण्याने जेवढं हलत नव्हतं तेवढं सहा-सात पावलांनी हलत होतं, आणि प्रत्येक पावलागणिक वाढत होतं.

असं वाढत गेलं की अनुनाद समजावा. माणूस सेकंदाला साधारण 2 पावलं टाकतो, पण पावलाचा धक्का काही गुळगुळीत लाट नसतो. त्यात पावलांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे हेलकावेही असतात, क्रमाने कमी होत जाणारे. जमिनीची स्वतःची वारंवारता त्यांपैकी एकाशी जुळली की प्रत्येक पाऊल आधीच्या हालचालीत भर घालतं. त्यातून 4 ते 8 हर्ट्झचं हलणं बसलेल्या माणसाच्या अंगाला सगळ्यात जास्त टोचतं.

बीमची वारंवारता काढायला फार खटाटोप लागत नाही. लोखंडी बांधकामाचं भारतीय मानक आयएस 800:2007, त्याच्या परिशिष्ट सी मध्ये सूत्र आहे. मी त्याचंच सोपं रूप वापरतो:

```
f = 17.8 / sqrt(d)
```

इथे d म्हणजे रोजच्या खऱ्या वजनाने बीमच्या मध्याला येणारा झोल, मिमीमध्ये. इथेच बहुतेक जण चुकतात आणि मीही चुकलो होतो. डिझाईनचे 250 किलो इथे घालायचे नाहीत. बोर्ड, पाइप, टेबलं, कपाटं, माणसं असं जे खरोखर वर आहे तेवढंच. आमच्याकडे ते बीमच्या वजनासकट चौरस मीटरला साधारण 100 किलो होतं, म्हणजे बीमच्या दर मीटरला 2 किलोन्यूटन. झोल आला 7.55 मिमी आणि वारंवारता 6.5 हर्ट्झ.

मधल्या बीमचा हिशोब इथे संपत नाही, कारण ज्यावर तो टेकतो तो आडवा बीमही 1.8 मिमी वाकतो. एकच टोक खाली जातं, म्हणून मध्याला त्यातला निम्मा, 0.9 धरला. एकूण 8.45 मिमी, वारंवारता 6.1.

मग फोनवर phyphox हे कंप मोजणारं ॲप उघडलं, फोन ताईंच्या टेबलाशेजारी जमिनीवर ठेवला आणि टाचांवर उठून एकदाच धपकन खाली आलो. आलेखाचं टोक 6.3 हर्ट्झला दिसलं. जोड थोडे ताठ असतात, त्यामुळे किंचित जास्त येणारच. 6.3 ला तीनने भागलं की सेकंदाला 2.1 पावलं, म्हणजे मिनिटाला 126. मेट्रोनोम 126 वर लावून चाललो तेव्हा मॉनिटर नाचला; 100 वर चाललो तेव्हा जवळपास शांत. चहावाल्याची चाल नेमकी 126 चीच होती.

पहिला उपाय चुकला. फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, पुढचा बीम हलतोय, मध्ये टेकू देतो." दिसायलाही तसंच दिसत होतं. दोन्ही आडव्या बीमांखाली एकेक चौकोनी खांब आला आणि फोनवर 6.3 चे 6.7 झाले. एवढंच होणार होतं, कारण 8.45 मिमीतले फक्त 0.9 त्या आडव्या बीमचे होते. हिशोब आधी केला असता तर ते खांब मी घातलेच नसते. आता 126 ऐवजी 134 पावलांना हलायचं, म्हणजे घाईत असलेला प्रत्येक माणूस.

रबरी मॅट घालून पाहिली, टाचांचा आवाज गेला पण बीमला काही फरक पडला नाही. जड कपाटं मध्यावर आणायची एकाची सूचना होती. त्याने वारंवारता आणखी खाली गेली असती. वजन वाढवून आराम मिळतो तो काँक्रीटच्या स्लॅबला. 125 मिमीचा स्लॅब एकटाच चौरस मीटरला 300 किलोच्या वर भरतो आणि माणसाच्या पावलाला तो दाद देत नाही, म्हणून तो 5-6 हर्ट्झलाही सुसह्य वाटू शकतो. आमचा माळा सगळा मिळून पाच टनांचा. असल्या हलक्या जमिनीला एकच मार्ग: वारंवारता 9 च्या आसपास किंवा वर न्यायची, म्हणजे भराभर चालण्याचा चौथा हेलकावाही तिच्यापर्यंत पोचत नाही.

चौथ्या महिन्यात प्रत्येक बीमखाली तेवढाच दुसरा आयएसएमबी 200 वेल्ड केला. नुसता खाली धरला असता तर ताठपणा दुप्पट झाला असता. वेल्डने दोन्ही एकजीव झाले की जवळजवळ पाचपट होतो. इथे मला वाद घालावा लागला. फॅब्रिकेटर मध्यावर तीन ठिकाणी टाके घालणार होता. पण दोन बीम एकमेकांवर घसरू पाहतात ते टोकांकडे, मध्यावर नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीवर तुटक वेल्ड आणि टोकांकडच्या मीटरभरात जास्त दाट.

नव्या बीमच्या वजनासकट झोल 1.74 मिमी, हिशोबाची वारंवारता 13.5. फोनवर 11.8 आली, कारण आता पाइप आणि बोर्ड यांचं वाकणं मोजण्याइतकं मोठं झालं. वर मध्यावर 100 किलोचा माणूस उभा राहिला तर बीम पूर्वी 1 मिमी दबायचा, आता 0.2. कुठल्याही चालीने हालचाल साठत नाही. प्रत्येक पावलाचा एक छोटा ठोका पायाला कळतो, तो दोन पाइपांमधल्या बोर्डाचा आहे आणि तो लगेच विरतो. ताई सात महिन्यांपासून पुन्हा मध्यावरच बसतात.

गेलं ते खालचं हेडरूम. 200 मिमी कमी झालं आणि चेन ब्लॉकचा हुक एका मशीनवर आता पुरत नाही, त्याची मला रोज आठवण होते.

शेजारच्या गाळ्यात आता 7 मीटरचा माळा होतोय, हेच बीम घेऊन. लांबीचा वर्ग मोजावा लागतो, त्यामुळे माझ्या मूळच्या बीमचे 6.5 तिथे 4.8 होतात. आयएसएमबी 300 घेतला तर माळ्यावर तेवढंच वजन आणि बीमचं जादा वजन धरून 8.9 येतात. कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आलोय. लोखंडाची ऑर्डर अजून गेलेली नाही.